१.१९ या आकड्याचा अर्थ : एका रिग्रेशन-तक्त्याचे वाचन

चळवळीच्या शिबिरांत, परिसंवादांत आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत हल्ली एक नवा पुरावा दिसू लागला आहे. एक्सेलमधून काढलेला रिग्रेशनचा तक्ता, त्याचे पडद्यावरून टिपलेले छायाचित्र आणि त्याखाली एक ठाम वाक्य. रिग्रेशनला परिभाषेत ‘समाश्रयण’ म्हणतात. पण तो शब्द वर्गात कुणी वापरत नाही, म्हणून मीही रिग्रेशनच म्हणतो. असेच एक छायाचित्र एका विद्यार्थिनीने माझ्याकडे पाठविले होते. विषय होता भारतातील अनुसूचित जातींची साक्षरता. तिचे वाक्य असे : “साक्षरता दरवर्षी १.१९ ने वाढते, निष्कर्ष अत्यंत सार्थ आहे, मेळ ९६ टक्के आहे. म्हणजे २०४१ पर्यंत प्रश्न सुटतो.”

या वाक्यातील पहिले तीन आकडे तक्त्याबरहुकूम आहेत. चौथे विधान मात्र त्यांतून निघत नाही. ते का निघत नाही, हे पाहण्यासाठी तक्ता ओळीओळीने वाचला पाहिजे.

मूळ आकडे जनगणनेचे आहेत : १९६१ मध्ये १०.२७ टक्के, १९७१ मध्ये १४.६७, १९८१ मध्ये २१.३८, १९९१ मध्ये ३७.४१, २००१ मध्ये ५४.६९ आणि २०११ मध्ये ६६.०७. २०२१ ची जनगणना त्या साली झालीच नाही, म्हणून यादी येथे थांबते. एका रकान्यात साल आणि दुसऱ्यात टक्केवारी लिहून `Data Analysis` मधील `Regression` चालविले की पुढील तक्ता मिळतो. (काही रकाने गाळून, आकडे थोडक्यात देतो.)

```
R Square         0.95993
Standard Error   5.068
Observations     6

             df   SS         F        Significance F
Regression    1   2461.424   95.821   0.00061
Residual      4    102.751
Total         5   2564.175

            Coefficients  Standard Error  t Stat  P-value
Intercept   -2321.258     240.624         -9.647  0.00065
Year            1.186       0.121          9.789  0.00061
```

वाचन खालून सुरू करावे. `Year` समोरचा १.१८६ हा सहगुणक. साल एकाने पुढे गेले की रेषा १.१९ टक्के-बिंदूंनी वर चढते, एवढाच त्याचा अर्थ. तो रेषेचा उतार आहे. लोकांच्या आयुष्यात प्रत्यक्ष घडलेली वाढ नव्हे. रेषेच्या हिशेबाने प्रत्येक दशकात ११.८६ ची भर पडायला हवी होती. प्रत्यक्षात ती पडली ४.४०, ६.७१, १६.०३, १७.२८ आणि ११.३८ अशी. पहिल्या चार दशकांपैकी एकही दशक रेषेच्या आकड्याजवळ नाही. शिवाय साल हे काही कारण नव्हे. साल पुढे सरकते म्हणून कुणी वाचायला शिकत नाही. शाळा, वसतिगृह, शिष्यवृत्ती, आईबापांची जिद्द हे सारे ‘साल’ या एका शब्दाआड दडलेले आहे, आणि तक्त्याला त्यातले काहीही दिसत नाही.

`Intercept` समोरचा उणे २३२१ पाहून विद्यार्थी हमखास घाबरतात. साल शून्य असताना साक्षरता किती, याचे ते उत्तर आहे. प्रश्नच निरर्थक, तेव्हा उत्तराची काळजी करण्याचे कारण नाही. सालाऐवजी ‘१९६१ पासूनची वर्षे’ म्हणजे ०, १०, २० असे लिहून तोच हिशेब पुन्हा केला, तर ही संख्या ४.४३ होते. उतार, मेळ आणि उताराची सार्थकता तसूभरही बदलत नाही. पण एक गोष्ट बदलते, आणि ती पाहण्यासारखी आहे. `Intercept` चा `P-value` आधी ०.०००६५ होता, तो आता ०.२९ होतो. म्हणजे कालपर्यंत ‘अत्यंत सार्थ’ असलेला आकडा आज ‘सार्थ नाही’ झाला, आणि वास्तवात तर काहीच बदलले नाही.

यावरून सार्थकतेचा नेमका अर्थ कळतो. `P-value` एकच प्रश्न विचारतो : हा सहगुणक खरोखर शून्य असता, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा आकडा दिसण्याची शक्यता किती? आपल्या उताराबाबत उत्तर आहे ०.०००६१, म्हणजे दहा हजारांत सुमारे सहा. या आकड्याची पडताळणी छायाचित्रावरूनच काही अंशी करता येते. १.१८६ ला ०.१२१ ने भागले की `t Stat` जवळपास मिळतो, आणि कारण-रकाना एकच असेल तर त्याचा वर्ग म्हणजे `F`. हा मेळ बसत नसेल, तर तक्त्यात कुणीतरी हात घातला आहे असे समजावे.

परंतु ‘साक्षरता वाढलीच नाही’ असे म्हणत कोण होते? ज्या शंकेचा कुणी दावाच केला नव्हता, ती शंका या सार्थकतेने मोडून काढली आहे. आणखी एक अडचण अशी की, हा हिशेब प्रत्येक नोंद स्वतंत्र मानतो. जनगणना तशी नसते. १९८१ मध्ये साक्षर म्हणून मोजलेली तरुण मुलगी १९९१ मध्येही साक्षर म्हणून मोजली जाते. म्हणून प्रमाण-त्रुटी आहे त्याहून लहान दिसते आणि `P-value` वाजवीपेक्षा अधिक विश्वास देतो.

आता मेळ. `R Square` ०.९६ कुठून आला? सहा आकड्यांची सरासरी ३४.०८. त्या सरासरीपासून प्रत्येक आकडा किती दूर, त्या अंतरांच्या वर्गांची बेरीज २५६४. रेषा ओढल्यावर रेषेपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज उरते १०२.७५. म्हणजे मूळ विखुरण्यापैकी चार टक्के उरले, छप्पन्नातले चार नव्हे तर शंभरातले चार. बाकीचे ९६ टक्के रेषेने टिपले. मात्र कोणतीही गोष्ट काळाबरोबर सतत वाढत असेल, तर तिच्यात सरळ रेषा घुसविली की मेळ असाच घसघशीत येतो. त्याचे कौतुक करू नये.

खरी गोष्ट छायाचित्राच्या बाहेर राहिलेली असते. `Residuals` या चौकटीत खूण केली की तक्त्याखाली रेषा आणि वास्तव यांतील फरकांची यादी येते. बहुतेक जण ती खूण करीत नाहीत, आणि केली तरी छायाचित्रात तो भाग कापला जातो. आपल्या आकड्यांची ती यादी अशी : १९६१ ला अधिक ५.८४, मग उणे १.६२, उणे ६.७७, उणे २.६०, आणि पुढे अधिक २.८२, अधिक २.३४. फरक योगायोगाचे असते तर चिन्हे उलटसुलट आली असती. येथे एक अधिक, सलग तीन उणे, मग सलग दोन अधिक आहेत. याचा अर्थ वास्तव वळलेले आहे आणि आपण त्यावर सरळ पट्टी ठेवली आहे. हीच पट्टी मागे नेली तर १९५१ साली साक्षरता उणे ७.४ टक्के निघते. पुढे नेली तर २०४१ ला ९९ आणि २०५१ ला १११ टक्के. माझी आजी १९६१ च्या त्या निरक्षर नव्वद टक्क्यांत होती. पण उणे साक्षरतेत मोजावे एवढी वाईट स्थिती तिच्याही वाट्याला आली नव्हती.

वळण कुठे आहे, हे आकड्यांच्या जन्मकथेत सापडते. १९८१ पर्यंतचे हे दर तान्ह्या मुलांसकट सगळ्या लोकसंख्येवर काढलेले आहेत. १९९१ पासून सात वर्षे आणि त्यावरील माणसेच धरली आहेत. भाजक लहान झाला की दर वर जातो. १९८१ ते १९९१ मधील १६.०३ च्या उडीत काही भाग शिक्षणाचा आणि काही भाग निव्वळ मोजपट्टी बदलल्याचा आहे. एक्सेलला हे ठाऊक असण्याचे कारण नाही; त्याच्या लेखी एक रकाना म्हणजे एकच वस्तू.

तेव्हा यादी दोन तुकड्यांत तोडून पाहू. १९६१ ते १९८१ या तीन आकड्यांचा उतार ०.५६ येतो, आणि १९९१ ते २०११ या तीन आकड्यांचा १.४३. दोन्हींचा `R Square` सुमारे ०.९८६, म्हणजे आधीपेक्षाही चांगला. आणि `P-value`? दोन्हीकडे सुमारे ०.०७५. पाच टक्क्यांच्या रूढ कसोटीवर दोन्ही उतार ‘सार्थ नाहीत’! मेळ वाढला आणि सार्थकता मात्र गेली, कारण आता नोंदी तीनच उरल्या. सार्थकता ही सत्याइतकीच नोंदींच्या संख्येवरही अवलंबून असते. ०.०७५ वाचून ‘साक्षरता वाढली नाही’ असे म्हणणे जितके हास्यास्पद, तितकेच ०.०००६१ वाचून ‘१.१९ सिद्ध झाले’ असे म्हणणे. माझ्या मते या विषयात ०.५६ आणि १.४३ हे दोन आकडे शेजारी ठेवणे हे त्या एका ‘अत्यंत सार्थ’ १.१९ पेक्षा अधिक प्रामाणिक आहे.

राहिला ‘प्रश्न सुटतो’ हा दावा. प्रश्न कोणता, हे तक्त्यात कुठेच लिहिलेले नाही. तो विषमतेचा असेल, तर रकान्यात साक्षरता नव्हे, अंतर लिहिले पाहिजे. देशाची एकूण साक्षरता १९७१ मध्ये २९.४५ आणि १९८१ मध्ये ३६.२३ टक्के होती. म्हणजे अनुसूचित जाती आणि एकूण देश यांतील अंतर आधी १४.७८ होते व दहा वर्षांनी १४.८५ झाले. त्याच दशकात आपली साक्षरता ६.७१ ने वाढली होती. ती वाढ खरी होती, पण अंतर जागचे हलले नाही. सगळेच तितके पुढे सरकले होते. नव्या मोजपट्टीवर हे अंतर १९९१ मध्ये १४.८०, २००१ मध्ये १०.१५ आणि २०११ मध्ये ६.९ च्या आसपास येते. येथे ते खरोखर कमी होताना दिसते, आणि का कमी झाले याचा शोध येथून सुरू करता येतो. १९८१ चे १४.८५ आणि १९९१ चे १४.८० मात्र शेजारी ठेवून ‘अंतर तेवढेच राहिले’ असे लिहू नये. भाजक लहान झाला की दराबरोबर अंतरही फुगते, आणि ते दोन आकडे वेगवेगळ्या पट्टीने मोजलेले आहेत. शिवाय एकूण देशात अनुसूचित जातीही आल्याच. बाकीच्या समाजापासूनचे अंतर यापेक्षा मोठे असते.

त्या विद्यार्थिनीला मी मूळ फाइल मागितली आणि तीन कामे सांगितली : प्रथम सहा बिंदू कागदावर मांडून डोळ्यांनी पाहणे, मग `Residuals` ची खूण करून यादी काढणे, आणि शेवटी जिल्ह्याजिल्ह्याचे आकडे घेऊन रकान्यात सालाच्या जागी शाळेचे अंतर, वसतिगृहातील जागा आणि भूमिहीन कुटुंबांचे प्रमाण लिहिणे. तिसऱ्या कामाला तिला एक सत्र लागेल.