खोडव्याचे पहिले पंधरा दिवस आणि उसातली साखर

लागणीचा ऊस तुटला की टोळी पुढच्या फडावर जाते, वाढे बैलांपुढे पडतात आणि शेतात उरते ते पाचट आणि बुडखे. बऱ्याच ठिकाणी त्याच संध्याकाळी पाचटाला काडी लागते. नंतर महिना-दीड महिना त्या रानाकडे कुणी फिरकत नाही, कारण खोडवा म्हणजे फुकटचं पीक असा समज आहे. बेणं नाही, नांगरट नाही, लागणीची मजुरी नाही. खर्च वाचतो हे खरंच आहे. पण खोडव्याचं उत्पादन लागणीपेक्षा बरंच खाली येतं, त्याचं मोठं कारण या दुर्लक्षित दिवसांत असतं. वजनाचंच नव्हे, पुढे रसात किती साखर उतरणार याचंही गणित इथूनच सुरू होतं.

सातारा जिल्ह्यातलं पाडेगावचं मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र खोडव्यासाठी पाचट न जाळण्याची आणि पहारीने खत देण्याची पद्धत सांगतं. एका एकराचं उदाहरण घेऊ. रान मध्यम काळं, जात को ८६०३२, लागणीचा ऊस १५ जानेवारीच्या सुमारास तुटलेला. पंधरा फेब्रुवारीच्या आत तुटलेल्या उसाचाच खोडवा ठेवावा, असं तज्ज्ञ सांगतात. त्यानंतर ऊन तापू लागतं, फुटवे कमी येतात आणि कोवळ्या फुटव्यांवर खोडकीड बसते.

पहिलं काम बुडख्यांवरचं पाचट ओढून सरीत घेण्याचं. मग धारदार कोयत्याने बुडखे जमिनीलगत छाटायचे. ही छाटणी सोडून देण्याची सवय फार महागात पडते. बुडखा चार बोटं वर राहिला, तर मातीच्या वरचे डोळे आधी फुटतात. त्या फुटव्यांची मुळं मातीत नीट शिरत नाहीत, ते किडके राहतात आणि वाऱ्याने कलंडतात. जमिनीखालचा डोळा फुटला की त्याला स्वतःची मुळं सुटतात. सुरुवातीचे काही आठवडे जुनी मुळं त्याला पोसतात, पण ती थकलेली असतात. नवी मुळं येईपर्यंतचा काळ हाच खोडव्याचा सर्वांत नाजूक काळ.

एकरी तीन-चार टन पाचट सरीत पडलेलं असतं. त्यात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडं. ते कुजवणारे जिवाणू आपली नत्राची गरज मातीतून भागवतात, म्हणजे कोवळ्या खोडव्याच्या तोंडचा घास घेतात. पिवळा पडलेला खोडवा पुष्कळदा याच उपासमारीचा असतो. म्हणून पाचटावर एकरी सुमारे ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकून पाणी द्यायचं. पाचट ओलं होऊन मातीला चिकटतं, तणं दबतात आणि पाण्याच्या पाळ्यांतलं अंतर वाढवता येतं.

यानंतर पिकाचं खत. खोडव्याला एकरी सुमारे १०० किलो नत्र लागतं, युरियाच्या हिशेबात साधारण सव्वादोनशे किलो. सोबत स्फुरद आणि पालाश प्रत्येकी ४६ किलोच्या आसपास. ते दोनच हप्त्यांत द्यायचं. पहिला हप्ता तुटल्यापासून पंधरा दिवसांच्या आत. वाफसा असताना बेटापासून चार-पाच इंचांवर पहारीने सहा-सात इंच खोल भोक पाडायचं, एकेका फुटावर, त्यात खताची मूठ सोडून माती सारायची. दुसरा हप्ता बेटाच्या विरुद्ध बाजूला, १३५ दिवसांनी. आपल्या उदाहरणात ही तारीख मे महिन्याच्या अखेरीस पडते, पावसाच्या तोंडावर. पाचटामुळे बगला फोडण्याची, जारवा तोडण्याची गरज राहत नाही आणि खत मुळांजवळच राहतं.

त्यानंतर मात्र नत्राला हात आवरायचा. पिकाची हिरवीगार उंची बघून सप्टेंबरात आणखी एक युरियाचा हात मारण्याचा मोह अनेकांना होतो. या एका हाताने साखर जाते. कशी, हे समजायला कांड्याच्या आत बघावं लागतं.

साखर पानात तयार होते आणि तिथून खोडात उतरते. शेंड्याकडची कोवळी कांडी अजून लांबत असतात. त्यांच्यातल्या पेशींत इन्व्हर्टेज नावाचं विकर असतं, ते आलेल्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे तुकडे करतं. वाढ त्या तुकड्यांवर चालते. कांडं पूर्ण लांबून झालं की हे विकर मंदावतं आणि साखर बांधणारी बाजू जोर धरते. मग साखर न मोडता पेशीच्या पोकळीत साठत जाते. म्हणून ऊस बुडापासून वर पिकतो आणि एकाच उसाचं खालचं कांडं गोड तर वाढ्याजवळचं पाणचट लागतं.

थंडीच्या रात्री, कोरडी हवा आणि थोडी कमी झालेली ओल मिळाली की शेंड्याची वाढ थबकते, पानं मात्र दिवसा साखर बनवत राहतात. खर्च घटतो, जमा चालू राहते. उशिराचं नत्र हा थबका येऊच देत नाही. शेंडा नवी कांडी काढत राहतो आणि येणारी साखर मोडून त्यांतच जाते. वजन थोडं वाढतं, पण रसाची शुद्धता पडते.

खोडवा लागणीपेक्षा साधारण महिनाभर लवकर पक्व होतो. मुळं धरण्यात त्याचे आठवडे जात नाहीत आणि नत्रही लवकर संपतं. त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला कारखान्याने खोडवा आधी आणि लागण नंतर तोडावी, हे शास्त्राला धरून आहे. प्रत्यक्षात तोडणी नोंदीच्या तारखेनुसार फिरते आणि शेतकऱ्याला पैसे वजनावर मिळतात. उताऱ्याचा दर संपूर्ण कारखान्याच्या सरासरीवर ठरतो. ज्याने नत्र वेळेत थांबवलं आणि ज्याने सप्टेंबरात ओतलं, त्या दोघांना एकच भाव मिळतो. ही व्यवस्था साखर पिकवणाऱ्यावर अन्याय करते.

पक्वता बघायला ब्रिक्समीटर पुरेसा होतो. फडात आत शिरून चार-पाच ठिकाणचे ऊस घ्यायचे, कडेचे नकोत. बुडाकडच्या कांड्याचा रसाचा थेंब काचेवर ठेवून उजेडाकडे बघायचं, मग शेंड्याकडच्या पक्व कांड्याचा. समजा नोव्हेंबरात खाली २१ आणि वर १४ दिसले. वरचा आकडा खालच्याच्या दोन-तृतीयांशच आहे, ऊस अजून कच्चा आहे. डिसेंबरअखेर खाली २१.५ आणि वर २०.५ आले, की फरक जवळपास मिटला आणि ऊस तोडणीला आला. ब्रिक्स मात्र रसात विरघळलेलं सगळंच मोजतो. ब्रिक्स २० असून शुद्धता ७० टक्के असेल तर खरी साखर १४ टक्के, शुद्धता ८७ असेल तर १७.४. हा फरक प्रयोगशाळेतच कळतो.

वरचा आकडा खालच्यापेक्षा जास्त येऊ लागला, की बुडातली साखर मोडू लागली असं समजावं. मार्च-एप्रिलच्या उन्हात उभ्या राहिलेल्या उसाला पांगशा फुटतात आणि साठवलेली साखर त्यांच्या पोषणाला खर्ची पडते.

ऊस तुटला तरी विकरं थांबत नाहीत. मोळ्या उन्हात पडल्या की इन्व्हर्टेज पुन्हा जागं होतं, कापलेल्या टोकांतून जिवाणू शिरतात आणि रस चिकट होतो. असा रस कारखान्यात गाळायला आणि पाकाचे दाणे पाडायला जड जातो. तोडल्यापासून चोवीस तासांत गाळप व्हावं असं सांगतात ते याच कारणाने. यार्डात दोन-तीन दिवस रांगेत उभ्या राहिलेल्या ट्रॉलीतला ऊस वजनातही घटतो आणि साखरेतही.