आकड्याआधी लाट

आयसीयूमधल्या मॉनिटरवर ईसीजीच्या खाली बहुधा आणखी दोन रेषा धावत असतात. साधारणपणे तांबडी रेषा धमनीतल्या रक्तदाबाची असते आणि निळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतल्या दाबाची. त्यांच्या शेजारी ठळक आकडे असतात आणि नातेवाइकांचे डोळे त्या आकड्यांवर खिळलेले असतात. अनुभवी सिस्टर आधी लाट पाहतात. आकडा लाटेतूनच काढलेला असतो, आणि लाट बिघडली असली तरी मॉनिटर आकडा दाखवतच राहतो.

धमनीतला दाब मोजण्यासाठी मनगटातल्या रेडियल धमनीत एक बारीक कॅन्युला घालतात. तिला जोडलेल्या टणक नळीत सलाईन भरलेले असते. धमनीतल्या दाबाचा धक्का या सलाईनमधून ट्रान्सड्यूसरपर्यंत पोचतो, तिथला पातळ पडदा किंचित दबतो आणि त्या हालचालीचा विद्युतसंकेत पडद्यावर लाट म्हणून उमटतो. सलाईनची पिशवी ३०० मिमी पाऱ्याइतक्या दाबाखाली ठेवलेली असते. त्यामुळे रक्त नळीत उलटे येत नाही, आणि ताशी सुमारे ३ मिलि सलाईन आत झिरपत राहिल्याने कॅन्युलेच्या तोंडाशी गुठळी होणे टळते. मोजणी सुरू करण्यापूर्वी ट्रान्सड्यूसर हवेला खुला करून शून्य ठरवतात आणि तो हृदयाच्या पातळीत, म्हणजे काखेच्या मध्यरेषेवर चौथ्या बरगडीखालच्या जागेच्या समोर बांधतात.

निरोगी लाट सरळ, झपाट्याने वर चढते. हृदयाचा डावा खालचा कप्पा आकुंचन पावून रक्त महाधमनीत लोटतो, तो हा चढ. शिखराची उंची म्हणजे वरचा रक्तदाब. तिथून रेषा उतरू लागते आणि उतारावर मध्येच एक लहानशी खाच दिसते. ही डायक्रोटिक नॉच. महाधमनीत ही खाच झडप मिटण्याच्या क्षणी उमटते. रक्त क्षणभर मागे वळते, मिटलेल्या झडपेवर आदळते आणि दाब किंचित उसळतो. मनगटातली खाच मात्र त्या क्षणाची हुबेहूब नक्कल नसते. ती थोडी उशिरा येते आणि तिच्या आकारात लहान धमन्यांकडून परतलेल्या लाटांचा मोठा वाटा असतो. म्हणून मनगटातल्या खाचेवरून झडपेबद्दल फार ठाम निष्कर्ष काढू नयेत. खाचेनंतर रेषा सावकाश खाली येते आणि पुढच्या ठोक्याआधी सर्वांत खालच्या बिंदूला पोचते. तो खालचा रक्तदाब.

खाचेचा रोजच्या कामातला खरा उपयोग वेगळाच आहे. लाटेतला हा बारीक तपशील आहे, आणि नळीत काही बिघडले की बारीक तपशीलच आधी पुसले जातात. नळीत हवेचा बुडबुडा अडकला, कॅन्युलेच्या टोकाशी गुठळी झाली, मनगट वाकल्याने नळी दुमडली किंवा प्रेशर बॅगमधला दाब उतरला, तर धमनीतला धक्का वाटेतच जिरतो. लाट बुटकी आणि गोलसर होते, खाच नाहीशी होते. याला डॅम्पिंग वाढणे म्हणतात. शिखर कापले गेल्याने वरचा दाब खोटा कमी दिसतो आणि दरी भरली गेल्याने खालचा दाब खोटा जास्त दिसतो. मात्र जिरतात ते झटपट होणारे बदल. सरासरी दाब त्या मानाने शाबूत राहतो.

समजा, जंतुसंसर्गामुळे रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला नॉरअ‍ॅड्रेनालिन सुरू आहे. मॉनिटरवर अचानक ९४/७० आणि सरासरी ७८ असे आकडे येतात व अलार्म वाजतो. वरचा आकडा पाहून औषध वाढवण्याचा मोह होईल. पण लाट गोलसर आहे, खाच दिसत नाही, आणि वरच्या व खालच्या दाबातले अंतर एकदम आक्रसले आहे. दंडावर कफ बांधून मोजल्यावर १२८/५६ आणि सरासरी ८० मिळते. दोन्ही मोजण्यांतली सरासरी जवळपास सारखीच आहे आणि अशा रुग्णात सुरुवातीला राखायच्या ६५ या मर्यादेच्या ती बरीच वर आहे. औषधाला हात लावण्याची गरज नाही, तपासायची आहे ती नळी.

त्यासाठी फ्लश टेस्ट करतात. ट्रान्सड्यूसरजवळची फ्लशची कळ क्षणभर ओढून सोडायची. पिशवीतला दाब थेट पोचल्याने रेषा उंच जाते आणि पडद्यावर चौकोन उमटतो. कळ सुटताच निकोप नळीत रेषा खाडकन खाली येते, एक-दोनदा वरखाली हेलकावते आणि पुन्हा नेहमीची लाट सुरू होते. या रुग्णात ती एकही हेलकावा न घेता उतरणीवरून घसरत येते. नळी नीट न्याहाळली की थ्री-वेपाशी बुडबुडा सापडतो. तो सिरिंजने ओढून काढल्यावर खाच परत दिसते आणि आकडे १२६/५७ वर येतात. बुडबुडा फ्लश करून रुग्णाकडे ढकलणे मात्र धोक्याचे, कारण हवा धमनीत जाते.

याच्या उलट बिघाडही होतो. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्के मिळाले की तो लहान धक्क्यांनीही उंच जातो. नळी आणि तिच्यातल्या सलाईनलाही स्वतःची लय असते. जोडनळ्या लावून लांबी वाढवली की ही लय मंदावते आणि नाडीच्या लयीजवळ येते, विशेषतः ठोके जलद असतील तेव्हा. मग शिखर टोकदार होते, वरचा दाब फुगतो, खालचा थोडा घटतो आणि फ्लशनंतर रेषा दोनपेक्षा जास्त हेलकावे घेत राहते. ही लाट ठसठशीत दिसते, म्हणूनच ती जास्त फसवी. यावर उपाय म्हणजे जादा नळ्या काढून टाकणे.

निळी रेषा मानेतून किंवा गळपट्टीच्या हाडाखालून घातलेल्या सेंट्रल लाइनची. सेंट्रल व्हेनस प्रेशर, म्हणजे सीव्हीपी, साधारण २ ते ८ मिमी पारा इतकाच असतो. या लाटेला तीन उंचवटे आणि दोन उतार असतात. हृदयाचा वरचा उजवा कप्पा आकुंचन पावला की ‘ए’, खालच्या कप्प्याच्या जोराने मिटलेली झडप वर फुगली की छोटा ‘सी’, आणि मिटलेल्या झडपेमागे रक्त साठत गेले की ‘व्ही’. ‘सी’नंतरचा उतार ‘एक्स’, आणि झडप उघडून रक्त खाली गेले की ‘वाय’. कोणता उंचवटा कोणता, हे वरच्या ईसीजीशी जुळवून ठरवतात. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये वरचा कप्पा नुसता थरथरतो, त्यामुळे ‘ए’ गायब होतो. झडप गळत असेल तर ‘व्ही’ मोठा होऊन ‘एक्स’ उतार गिळतो. हृदयाभोवती पाणी साठून ते आवळले गेले, तर ‘वाय’ उतार पुसट होतो.

श्वासागणिक ही रेषा वरखाली होते. व्हेंटिलेटरने हवा भरली की दाब वाढतो, रुग्णाने स्वतः श्वास घेतला की घटतो. म्हणून तो उच्छ्वासाच्या शेवटी वाचतात. पातळीची चूकही इथे फार महागात पडते. ट्रान्सड्यूसर स्टँडवर असताना कोणी पलंग १० सेंटिमीटर वर केला, तर दोन्ही आकडे सुमारे ७ मिमीने वाढतात. धमनीतल्या ८० च्या सरासरीत ही वाढ खपून जाते, पण ६ चा सीव्हीपी १३ होतो आणि बऱ्या हृदयावर ताण आल्यासारखे भासते. पातळी अचूक असतानाही एवढ्या एका आकड्यावरून सलाईन दिल्यास रुग्णाला फायदा होईल की नाही, हे सांगता येत नाही.