शोधवृक्ष फाईलमध्ये उतरवताना

ग्रंथालयाच्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये सभासद क्रमांकांचा शोधवृक्ष आहे असं धरू. मुळाशी 50, डावीकडे 30, त्याखाली 20 आणि 40, उजवीकडे 70. प्रोग्रॅम बंद झाला की मेमरीतलं हे झाड जातं. फांद्या जोडणारे पॉइंटर फाईलमध्ये लिहून उपयोग नाही. पुढच्या वेळी त्या पत्त्यावर भलतंच काही असेल.

म्हणून आधी गाठ, मग तिची डावी बाजू, मग उजवी, असं लिहीत जायचं: 50, 30, 20, 40, 70. वाचताना याच क्रमाने रिकाम्या झाडात एकेक घातलं की मूळ आकार परत उभा राहतो, कारण प्रत्येक गाठ आपल्या मुलांच्या आधी येते. चढत्या क्रमाने लिहिलं असतं, तर 20 मुळाशी बसून बाकीचे सगळे उजवीकडे एकाखाली एक लोंबले असते.

क्रमांकाला 4 बाइट, नावाला 20. म्हणजे नोंद 24 बाइटची आणि फाईल 120ची. फाईलच्या आकाराला 24ने भाग गेला नाही, तर एखादी नोंद अर्धवट लिहिली गेली आहे. मात्र नावं मराठीत असतील तर 20 फार तोकडे. यूटीएफ-8मध्ये काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात आणि प्रत्येकी 3 बाइट घेतात. ‘ज्ञानेश्वर’लाच 30 लागतात!