गाइडच्या भेटीआधीचं एक पान

पीएच.डी.चा विद्यार्थी महिन्या-दीड महिन्यातून एकदा मार्गदर्शकांना भेटतो. तासभर बोलणं होतं, चहा होतो, आणि बाहेर आल्यावर नेमकं काय ठरलं हे त्याला धड सांगता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांप्रमाणे एका प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक असू शकतात. वर तास, पेपर तपासणी आणि विभागाच्या बैठका असतातच. आपला प्रबंध मागच्या वेळी कुठे थांबला होता हे गाइडने लक्षात ठेवावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. ती आठवण करून देणं विद्यार्थ्याचं काम आहे, आणि त्यासाठी भेटीआधी एक पान लिहावं लागतं.

हे पान लिहिणारेही पुष्कळदा त्यावर विषयांची नावं तेवढी लिहितात: ‘प्रकरण तीनवर चर्चा, प्रश्नावली, पुढील दिशा.’ अशा पानाने काही हलत नाही, कारण त्यात गाइडला उत्तर द्यावं असं काहीच विचारलेलं नसतं. मग मॅडम समोरची पानं चाळतात, दोन शुद्धलेखनाच्या चुका दाखवतात, एखादं पुस्तक सुचवतात आणि ‘ठीक चाललंय, करत राहा’ म्हणतात. त्यांना दोष देता येत नाही. विचारलंच नाही, तर त्या सांगणार काय?

एक उदाहरण सविस्तर घेऊ. समाजशास्त्राची एक विद्यार्थिनी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शिक्षणावर प्रबंध लिहिते आहे. दिवाळीच्या सुमारास कुटुंबं कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलच्या आसपास परततात. काही मुलं आईबापांबरोबर कोपीवर जातात, तर काहींसाठी गावात हंगामी वसतिगृह चालतं. या दोन गटांची तुलना करायची, प्रत्येकी साठ मुलं घ्यायची, असा तिचा आराखडा. जानेवारीत तिच्या लक्षात येतं की निवडलेल्या तीन गावांत मिळून वसतिगृहाच्या यादीवर फक्त २२ मुलं आहेत.

‘नमुना निवडीतील अडचणी’ असं लिहून ती भेटीला गेली, तर तासभर नमुना निवडीवर सर्वसाधारण व्याख्यान होईल. त्याऐवजी ती पानावर लिहिते: ‘वसतिगृहात ६० मुलं अपेक्षित होती, २२ मिळाली. दोन वाटा दिसतात. आणखी दोन गावं घेतली तर संख्या भरेल, पण आठ दिवसांचं जादा क्षेत्रकाम लागेल आणि ते मार्चच्या आत उरकावं लागेल, नंतर कोप्या उठतील. किंवा २२ मुलांच्याच सविस्तर मुलाखती घ्यायच्या आणि संख्यात्मक तुलना सोडायची. माझा कल पहिल्या वाटेकडे आहे, कारण नोंदणीच्या वेळी दिलेल्या दुसऱ्या उद्दिष्टात तुलना करू असं म्हटलं आहे. हे योग्य वाटतं का? सोबतच्या मसुद्यातली पानं १४ ते १९ पाहिली तरी पुरेल.’

अडचण, पर्याय, त्यांची किंमत, स्वतःचा कल आणि वाचायची नेमकी पानं, एवढं त्यात आलं. यातला स्वतःचा कल लिहायला विद्यार्थी फार कचरतात. गाइडसमोर आपलं मत मांडणं त्यांना आगाऊपणाचं वाटतं. माझ्या मते पानावरची सर्वात मोलाची ओळ तीच. समोर ठाम काहीतरी असलं की अनुभवी माणसाला त्यातलं भोक पटकन दिसतं. इथेही मॅडम विचारतात, ‘वसतिगृहात नाहीत ती सगळी मुलं कोपीवर गेली, असं तू धरून चालली आहेस का? आजीपाशी राहिलेली मुलं तुझ्या यादीत कुठे आहेत?’

आता प्रश्नच बदलला. गट दोन नसून तीन असू शकतात, आणि वसतिगृह रिकामं असण्याचं कारणही कदाचित तिसऱ्या गटात सापडेल. तेव्हा नवी गावं आत्ता घ्यायची नाहीत. आधी या तीन गावांत घरोघर फिरून प्रत्येक मूल यंदाच्या हंगामात कुठे आहे याची नोंद करायची, असं ठरतं.

पान दोन-तीन दिवस आधी पोचवावं. ई-मेल उघडला जात नसेल तर छापून टेबलावर ठेवावं आणि तसा निरोप द्यावा. वर मागच्या भेटीत ठरलेल्या कामांचं काय झालं ते चार ओळींत, मग दोन, फार तर तीन प्रश्न, सर्वात अवघड प्रश्न आधी. सह्यांचे कागद, शिष्यवृत्तीचे फॉर्म आणि सहामाही अहवाल अगदी शेवटी, कारण ते आधी निघाले की अर्धा तास त्यातच जातो.

भेट चालू असताना टिपण घेताना गाइडचं वाक्य शक्यतो जसंच्या तसं लिहावं. इथे एक घोटाळा नेहमी होतो. बोलता बोलता मॅडम म्हणतात, ‘मुकादमांशीही बोलायला हवं.’ ही सूचना आहे, आदेश आहे, की मनात आलेला विचार? विद्यार्थिनी घरी जाऊन महिनाभर मुकादमांच्या मुलाखती घेते, आणि पुढच्या भेटीत मॅडमना आपण तसं म्हटल्याचं आठवतही नाही. म्हणून तिथल्या तिथे विचारावं: ‘मॅडम, हे या प्रबंधात घ्यायचंच आहे का, की नंतरच्या लेखासाठी ठेवू?’

त्याच संध्याकाळी छोटा मेल जातो: ‘आदरणीय मॅडम, आज ठरलं ते असं. तीन गावांत मुलांची घरोघर नोंद २५ जानेवारीपर्यंत मी करेन. नवीन गावांचा निर्णय त्यानंतर. मुकादमांच्या मुलाखती या प्रबंधात नाहीत. पान १६वरचा परिच्छेद आपण पाहून देणार आहात. माझ्या समजण्यात काही चूक असेल तर कृपया सांगावं.’ मे महिन्यात मॅडमनी ‘मुकादमांचं काय झालं?’ असं विचारलं, तर वाद घालायची वेळ येत नाही. मेल पुढे ठेवला की झालं. आणि दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण करताना कोणी ‘तीन गट का?’ असं विचारलं, तर कारण तारखेसह हाताशी असतं. संशोधन पद्धतीच्या प्रकरणातले दोन परिच्छेदही त्या टिपणातूनच उभे राहतात.

भेटच मिळत नसेल, तर पान एकटं पुरेसं नाही. तेव्हा प्रश्न लहान करून लेखी पाठवावा आणि खाली लिहावं, ‘सोमवारपर्यंत आपला बदल कळला नाही, तर याप्रमाणे काम सुरू करते.’ हे फक्त मागे घेता येण्याजोग्या गोष्टींसाठी. प्रश्नावलीतल्या प्रश्नांचा क्रम असा ठरवता येतो, प्रबंधाचं शीर्षक नाही.

तीन-चार भेटींची टिपणं अधूनमधून शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. एखादी ओळ सलग तिसऱ्यांदा आली असेल, तर काम तिथे अडलं आहे. ‘प्रकरण दोन पूर्ण करणे’ ही ओळ अशी हटकून सापडते, कारण ते एका भेटीएवढं काम नसतंच. या विद्यार्थिनीच्या टिपणांतही ती होती. नीट पाहिल्यावर कळलं की स्थलांतरावरचं वाचन झालं आहे. शाळागळतीवरचं साहित्य कोणत्या वर्षापासून घ्यायचं एवढंच ठरत नाही. पुढच्या पानावर तिने तेवढाच प्रश्न लिहिला: शिक्षण हक्क कायदा लागू झाला त्या २०१० सालापासून सुरुवात केली तर चालेल का?