आकाशकंदिलामागचं आभाळ जांभळं का छापलं जातं?

दिवाळी अंकांचा हंगाम सुरू झाला की ऑफसेट प्रेसमध्ये एक वाद हमखास ऐकू येतो. मुखपृष्ठावर संध्याकाळचं गडद निळं आभाळ असतं, त्यावर पेटलेला नारिंगी आकाशकंदील आणि खाली झेंडूचं तोरण. मॉनिटरवर ते आभाळ अक्षरशः चमकत असतं. मशीनवरून पहिला कागद निघतो, तेव्हा कंदील बऱ्यापैकी जमलेला असतो, झेंडूही ओळखू येतो, पण आभाळ मात्र वांग्याच्या रंगाकडे झुकलेलं असतं. मुखपृष्ठ करणारा म्हणतो, शाई चुकली. मशीनमन प्लेटा दाखवून म्हणतो, फाइलमध्ये जे होतं तेच इथे आलंय.

बहुतेक वेळा मशीनमनचं बरोबर असतं. चित्र पडद्याच्या रंगांत, म्हणजे आरजीबीत तयार झालेलं असतं आणि कागदासाठीचं त्याचं रूपांतर शेवटच्या घाईत कोणीतरी एका क्लिकवर उरकलेलं असतं.

पडदा स्वतः प्रकाश देतो. लाल, हिरवा आणि निळा हे तीन प्रकाश कमीजास्त करून तो बाकीचे रंग उभे करतो. कागदाला स्वतःचा प्रकाश नाही. त्याच्यावर पडलेल्या उजेडातून शाई काही भाग शोषून घेते आणि उरलेला डोळ्यांपर्यंत येतो. फोर कलर छपाईत सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शाया असतात. त्यांच्या बारीक ठिपक्यांतून सगळं चित्र रचलं जातं. यांत निळी शाईच नाही. निळा रंग हवा असेल तर सायनवर मॅजेंटा चढवावी लागते.

आभाळाची अडचण इथेच सुरू होते. आदर्श मॅजेंटा शाईने फक्त हिरवा प्रकाश शोषायला हवा आणि निळा पूर्ण परत पाठवायला हवा. प्रत्यक्षातली मॅजेंटा बराचसा निळा प्रकाशही गिळते. सायन शाईही अशीच थोडी अशुद्ध असते. दोन्ही एकावर एक आल्या की उरलेला निळा काळपट आणि दबलेला दिसतो. पडद्यावरचा सगळ्यात झगझगीत निळा आरजीबीत ०, ०, २५५ असा लिहिला जातो. फोटोशॉपच्या मूळ अमेरिकी सेटिंगने तो सीएमवायकेत नेला, तर साधारण सायन ८८ टक्के, मॅजेंटा ७७ टक्के, पिवळी शून्य, काळी शून्य असे आकडे येतात. हा रंग पडद्यावरच्या निळ्याच्या जवळपासही पोहोचत नाही. शिवाय दोन शायांमधलं अंतर इतकं कमी राहतं, की मशीनवर मॅजेंटा जराशी जड झाली तरी आभाळ जांभळं होतं. म्हणून छपाईतले जाणकार निळ्यासाठी एक ठोकताळा पाळतात: मॅजेंटा सायनपेक्षा निदान तीस टक्क्यांनी खाली ठेवायची.

याचा अर्थ असा, की पडद्यावरचे काही रंग कागदावर येणारच नाहीत. झगझगीत निळा, पोपटी हिरवा आणि निऑनसारखा गुलाबी हे त्यातले ठळक. रूपांतर करताना त्यांचं काय करायचं हे कोणीतरी ठरवतंच. चित्र करणाऱ्याने ठरवलं नाही, तर प्रेसमधलं सॉफ्टवेअर ठरवतं आणि त्याला त्या चित्रात आभाळ महत्त्वाचं की कंदील, हे ठाऊक नसतं.

मग फाइल सरळ सीएमवायकेत करून पाठवली की झालं, असं वाटू शकतं. फोटोशॉपमध्ये Image > Mode > CMYK Color असा पर्याय समोरच असतो. पण सीएमवायके हा एकच एक रंगसंच नव्हे. सायन ८८ आणि मॅजेंटा ७७ हे आकडे म्हणजे किती शाई टाकायची याची सूचना. तेवढ्या शाईने गुळगुळीत आर्ट पेपरवर एक रंग दिसतो, मॅपलिथोवर दुसरा आणि न्यूजप्रिंटवर तिसराच. न्यूजप्रिंट शाई पितो, ठिपका पसरतो आणि ५० टक्क्यांचा ठिपका सहज ७५ टक्क्यांसारखा दिसू लागतो.

कोणत्या कागदावर आणि कोणत्या छपाईत कोणते आकडे कसे दिसतात, याची नोंद प्रोफाइल नावाच्या छोट्या फाइलमध्ये असते. वर सांगितलेला पर्याय नुसता दाबला, तर सेटिंगमध्ये जे प्रोफाइल असेल तेच लागू होतं. अनेक संगणकांवर ते U.S. Web Coated (SWOP) v2 असतं. अमेरिकेत रोलच्या कागदावर छापल्या जाणाऱ्या मासिकांसाठी ते बनलेलं आहे. इथल्या शीटफेड मशीनवर, आर्ट पेपरवर छापायच्या मुखपृष्ठाशी त्याचा थेट संबंध नाही.

त्यामुळे पहिलं काम प्रेसला फोन करण्याचं. कागद कोणता, प्रोफाइल कोणतं आणि एकूण शाईची मर्यादा किती, एवढे तीन प्रश्न पुरतात. आर्ट पेपरसाठी अनेकदा Coated FOGRA39 हे उत्तर मिळतं, बिनचकाकीच्या कागदासाठी Uncoated FOGRA29 सारखं एखादं. काही प्रेस सांगतात, आरजीबीच पाठवा, रूपांतर आम्ही आमच्या प्रोफाइलने करतो. तसं असेल तर तेच ऐकावं, पण प्रूफ मागून घ्यावं.

समजा, आपल्या मुखपृष्ठासाठी Coated FOGRA39 ठरलं. तरी लगेच रूपांतर करायचं नाही. मूळ आरजीबी फाइल जपून ठेवायची आणि तिच्या प्रतीवर काम करायचं. View > Proof Setup > Custom मध्ये हे प्रोफाइल निवडलं, की फाइल आरजीबीतच राहते, पण पडदा छापील रंगांचा अंदाज दाखवू लागतो. Ctrl+Y दाबून हे दृश्य चालू-बंद करता येतं. दाबताक्षणी आभाळ मलूल होतं. ते पाहून दचकायला होतं, पण तो धक्का पाच हजार प्रती छापून झाल्यावर बसण्यापेक्षा आता बसलेला बरा. त्याच मेनूतलं Gamut Warning चालू केलं, की कागदावर न येणारे भाग करड्या रंगाने झाकले जातात. आपल्या चित्रात आभाळाचा वरचा पट्टा जवळजवळ सगळा करडा होतो. कंदील मात्र बराचसा मोकळा राहतो, कारण नारिंगी रंग पिवळ्या आणि मॅजेंटा शायांत चांगला उतरतो.

आता प्रूफचं दृश्य चालू ठेवून फक्त निळ्या रंगांवर हात चालवायचा. Hue/Saturation मध्ये Blues निवडून छटा किंचित सायनकडे सरकवायची आणि रंगाची तीव्रता थोडी उतरवायची. करड्या रंगाचा शेवटचा ठिपका जाईपर्यंत थांबायची गरज नाही. तसं केलं तर आभाळ धुतल्यासारखं होतं. बघायचं ते Info पॅनेलमधल्या आकड्यांकडे. सायन ९५ च्या आसपास आणि मॅजेंटा ६० ते ६५ असेल, तर आभाळ निळंच छापलं जाईल. पडद्यावरची चमक त्यात नसेल, पण शेजारचा नारिंगी कंदील त्याला पुरेसा उठाव देतो.

यानंतर Edit > Convert to Profile. तिथे Intent नावाची एक निवड असते आणि बहुतेक जण ती न बघता पुढे जातात. Relative Colorimetric निवडलं, तर कागदावर मावणारे रंग जागचे हलत नाहीत, न मावणारे तेवढे काठाशी आणून बसवले जातात. माणसाचा चेहरा असलेल्या फोटोला हे बरं. पण आभाळात गडद निळ्यापासून फिकट निळ्यापर्यंत सलग उतार असतो. तिथे काठावरचे अनेक निळे एकाच जागी कोंबले गेले, की सपाट पट्टे दिसतात. Perceptual हा पर्याय एसटीच्या बाकावर आणखी एकाला बसवल्यासारखा आहे: सगळ्यांनीच थोडं थोडं सरकायचं. सगळे रंग किंचित दबतात, पण उतार सलग राहतो. दोन्ही पर्याय Preview लावून पाहावेत आणि आभाळ ज्यात तुटत नाही तो घ्यावा. याच मेनूत शेजारी असलेला Assign Profile मात्र इथे वापरायचा नाही. त्याने आकडे तेच राहतात आणि त्यांचा अर्थ बदलतो.

काळ्या रंगाची गोष्ट वेगळी आहे आणि ती अक्षरांशी जोडलेली आहे. आरजीबीतला काळा ०, ०, ० असतो. त्याच अमेरिकी सेटिंगने त्याचं रूपांतर केलं, तर सायन ७५, मॅजेंटा ६८, पिवळी ६७ आणि काळी ९० असे आकडे येतात. मुखपृष्ठावरची लेखकांची नावं फोटोतच लिहिलेली असतील, तर प्रत्येक अक्षर चार प्लेटांवर जातं. मशीनवर प्लेटा केसभर जरी सरकल्या, तरी रफार, अनुस्वार आणि वेलांट्यांना गुलाबी किंवा निळसर कडा येतात. म्हणून अक्षरं फोटोत टाकायची नाहीत. ती कोरल ड्रॉ किंवा इनडिझाइनमध्ये वरून ठेवायची आणि त्यांना फक्त काळी १०० टक्के, बाकी तिन्ही शून्य असा रंग द्यायचा.

त्या चार आकड्यांची बेरीज ३०० होते. चित्राच्या सगळ्यात गडद जागी किती शाई पडणार, हे ही बेरीज सांगते. आर्ट पेपरवर ३०० च्या आसपास शाई सहसा चालते, न्यूजप्रिंटवर २४० नंतरच अडचण सुरू होते. शाई जास्त झाली की ती वेळेत वाळत नाही, थप्पीत वरच्या कागदाच्या पाठीला डाग लागतात आणि सावलीतले तपशील एका काळ्या डबक्यात बुडतात. Info पॅनेलमध्ये Total Ink निवडून गडद भागांवरून कर्सर फिरवला, की हा आकडा वाचता येतो. मर्यादा ओलांडलेली दिसली, तर शाई हाताने कमी करत बसण्यापेक्षा आरजीबी प्रतीकडे परत जाऊन योग्य प्रोफाइलने पुन्हा रूपांतर करणं सोपं पडतं.

सीएमवायके झालेली फाइल परत आरजीबीत नेऊन गेलेले रंग मिळत नाहीत. अंकाचं तेच मुखपृष्ठ व्हॉट्सअॅपवर फिरवायचं असेल, तर जपून ठेवलेली आरजीबी फाइलच वापरावी. तिथे आभाळ हवं तितकं चमकू शकतं.

फोटोशॉप नसलं तरी काम अडत नाही. क्रिता या मोफत सॉफ्टवेअरमध्ये थेट सीएमवायकेत काम करता येतं. गिंपच्या २०२५ साली आलेल्या ३.० आवृत्तीतही छापील रंगांचं प्रूफ पाहून सीएमवायके टिफ बाहेर काढता येते.

ही सगळी खटपट ऑफसेटसाठी आहे. फोटो लॅबमधल्या प्रिंटा प्रकाशाने उमटतात, तिथे आरजीबीच द्यावं लागतं. अनेक इंकजेट मशीनमध्ये चारापेक्षा जास्त शाया असतात. त्यांना आधीच सीएमवायके केलेली फाइल दिली, तर त्या जादा शायांचा फायदा वाया जातो. ऑफसेटला पाठवताना मात्र टिफ किंवा PDF/X-1a फाइलबरोबर प्रेसने मान्य केलेलं छापील प्रूफही द्यावं. मशीनमनला शाई कमीजास्त करताना समोर धरायला तेच लागतं, कारण मुखपृष्ठ करणाऱ्याचा मॉनिटर त्याच्यापुढे नसतो. प्रूफ आणि छापलेला कागद शेजारी ठेवून पाहायचे ते पिवळ्या बल्बखाली नव्हे, तर दिवसाच्या उजेडात किंवा ५००० केल्विनच्या दिव्याखाली. आभाळ तिथेही जांभळं दिसलं, तर आधी प्रूफवरचं निळं आणि कागदावरचं निळं ताडून पाहावं. दोन्ही सारखी असतील तर फाइल उघडायची, वेगळी असतील तर मशीनवरची मॅजेंटा उतरवायला सांगायची.