कामाचं वेळापत्रक पट्ट्यांत

घराचं काम काढायचं ठरलं की दोन गोष्टी हातात असतात. कोणतं काम कधी सुरू होणार आणि ते किती दिवस चालणार. एवढ्या माहितीवरून सगळ्या कामाचं चित्र उभं करता येतं. डावीकडे कामांची नावं, वरच्या बाजूला तारखा आणि प्रत्येक कामासमोर त्याच्या दिवसांइतकी लांब आडवी पट्टी. अमेरिकी अभियंता हेन्री गँट (१८६१–१९१९) यांच्या नावावरून या तक्त्याला ‘गँट चार्ट’ म्हणतात. पोलंडमधल्या कॅरोल अ‍ॅडामिएकी यांनी साधारण याच कल्पनेचा तक्ता त्यांच्याही आधी मांडला होता, पण नाव रूढ झालं ते गँट यांचं.

एक्सेलमध्ये चार्टचे कितीतरी प्रकार आहेत, पण ‘गँट’ नावाचा तयार प्रकार त्यांत नाही. तो `Stacked Bar` या प्रकारातून घडवावा लागतो. हा चार्ट एका पट्टीच्या टोकाला दुसरी पट्टी जोडतो आणि एरवी बेरजा दाखवायला वापरतात. दुकानाची जानेवारीची विक्री, तिला जोडून फेब्रुवारीची, असा. तोच चार्ट तारखांसाठी चालतो, याचं कारण एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे एक आकडा असतो. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून पुढचा प्रत्येक दिवस एकेक आकड्याने वाढत जातो. त्या हिशोबाने २ फेब्रुवारी २०२६ म्हणजे ४६०५५. त्यात ४ दिवस मिळवले की ४६०५९ येतात, म्हणजेच ६ फेब्रुवारी. सुरुवातीच्या तारखेइतकी लांब एक पट्टी काढायची, तिच्या टोकाला दिवसांची पट्टी जोडायची आणि पहिली पट्टी अदृश्य करायची. उरलेली दुसरी पट्टी आपसूकच योग्य तारखांच्या मध्ये येते.

एका फ्लॅटचं स्वयंपाकघर नव्याने करायचं आहे असं धरू. काम सोमवारी, २ फेब्रुवारी २०२६ रोजी सुरू होणार आहे आणि १९ मार्चच्या गुढीपाडव्याआधी उरकायचं आहे. पहिल्या ओळीत शीर्षकं आणि दुसऱ्या ओळीपासून कामं:

| A: काम | B: सुरुवात | C: दिवस |
|---|---|---|
| तोडफोड, राडारोडा उचलणे | २ फेब्रुवारी | ४ |
| नळकाम | ६ फेब्रुवारी | ४ |
| वायरिंग | ७ फेब्रुवारी | ५ |
| गिलावा, पाणी मारणे | १२ फेब्रुवारी | ८ |
| ओटा आणि टाइल्स | २० फेब्रुवारी | ९ |
| ट्रॉल्या बनवणे (कारखान्यात) | १ मार्च | ८ |
| रंग | ४ मार्च | ४ |
| ट्रॉल्या बसवणे, सफाई | ९ मार्च | ४ |

दिवस रविवार धरून मोजले आहेत. नळकामाच्या दुसऱ्या दिवशी वायरमन येतो, म्हणून ती दोन कामं काही दिवस बरोबरीने चालतात. ट्रॉल्या कारखान्यात बनत असताना घरी रंग होतो. ओट्याचं आणि टाइल्सचं काम संपल्यावर जोड वाळायला तीन दिवस सोडले आहेत, म्हणून रंग ४ मार्चला.

आता चार्ट. तिन्ही रकाने एकदम निवडले तर एक्सेल कधी कधी तारखांनाच कामांची नावं समजतो आणि पट्ट्यांचा गोंधळ होतो. म्हणून आधी फक्त तारखांचा रकाना, B1 ते B9, निवडावा. `Insert` मध्ये जाऊन आडव्या पट्ट्यांतला `Stacked Bar` घ्यावा. मग चार्टवर उजवी क्लिक करून `Select Data` उघडावं, `Add` दाबून नव्या मालिकेचं नाव C1 आणि आकडे C2 ते C9 द्यावेत. त्याच खिडकीत उजव्या बाजूच्या `Edit` वर जाऊन कामांची नावं म्हणून A2 ते A9 द्यावीत. आता प्रत्येक कामासमोर दोन रंगांची जोडपट्टी दिसेल.

डावीकडच्या लांब पट्टीवर क्लिक करून तिचं `Fill` हे `No fill` आणि `Border` हे `No line` करावं. पांढरा रंग भरला तरी चालेल असं वाटतं, पण पांढरी पट्टी मागच्या उभ्या रेघा झाकून टाकते. त्या रेघांवरच तारीख वाचायची असते, म्हणून `No fill` हवं.

दोन गोष्टी अजून खटकतील. एक म्हणजे तोडफोड सगळ्यात खाली आणि सफाई सगळ्यात वर दिसते. आडव्या पट्ट्यांच्या चार्टमध्ये मोजणी खालच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू होते, म्हणून पहिलं काम तळाशी जातं. कामांच्या नावांच्या अक्षाची `Format Axis` खिडकी उघडून `Categories in reverse order` वर खूण केली की क्रम सुलटा होतो आणि तारखाही वरच्या बाजूला येतात. दुसरी गोष्ट तारखांच्या अक्षाची. तो कुठून सुरू करायचा हे एक्सेल स्वतः ठरवतो आणि बऱ्याचदा काम सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून धरतो. मग खऱ्या पट्ट्या उजव्या कोपऱ्यात दाटीवाटीने बसतात. या अक्षाच्या `Format Axis` मध्ये हे आकडे घालावेत:

```
Minimum  46055
Maximum  46104
Major    7
```

४६०५५ म्हणजे २ फेब्रुवारी आणि ४६१०४ म्हणजे २३ मार्च. आपल्या तारखेचा आकडा हवा असेल तर ती तारीख एखाद्या रिकाम्या चौकटीत लिहून तिचं स्वरूप `General` करावं, आकडा समोर येतो. सुरुवात सोमवारची आणि अंतर सात दिवसांचं, त्यामुळे प्रत्येक उभी रेघ सोमवारची होते. शेवटी पट्ट्यांचं `Gap Width` पन्नास टक्क्यांच्या आसपास आणलं की त्या ठसठशीत दिसतात.

पट्टी वाचताना एक चूक सर्रास होते. तोडफोडीची पट्टी ६ फेब्रुवारीवर संपते, म्हणून ६ तारखेलाही तोडफोड चालू आहे असं वाटतं. एक्सेलच्या आकड्यात दिवस मध्यरात्रीपासून सुरू होतो. पट्टी ६ तारखेच्या सुरुवातीला टेकते, म्हणजे काम ५ तारखेच्या रात्रीपर्यंत संपलेलं असतं. कामाचा शेवटचा दिवस हवा असेल तर सुरुवातीत दिवस मिळवून एक वजा करावा. हे ध्यानात न घेता ठेकेदाराला तारखा सांगितल्या तर प्रत्येक कामामागे एक दिवस इकडचा तिकडे होतो.

एखादी पट्टी गायब झाली, तर आधी तारीख तपासावी. कॉम्प्युटरची मांडणी अमेरिकी पद्धतीची, म्हणजे आधी महिना मग दिवस अशी असेल, तर 06/02/2026 लिहिल्यावर एक्सेल २ जून समजतो आणि पट्टी चार्टच्या उजव्या कडेपलीकडे निघून जाते. 20/02/2026 लिहिलं तर विसावा महिनाच नसल्यामुळे तो ती तारीख न मानता नुसती अक्षरं मानतो. अक्षरांची किंमत चार्टमध्ये शून्य धरली जाते आणि पट्टी डावीकडे नजरेआड राहते. ओळखायची खूण सोपी आहे. खरी तारीख चौकटीत उजव्या कडेला टेकते, अक्षरं डाव्या कडेला. यातला जास्त घातक प्रकार पहिला, कारण २ जून ही खरी तारीख असल्यामुळे ती उजवीकडेच टेकते आणि नजरेतून सुटते. 6-Feb-2026 असं महिन्याचं नाव घालून लिहिलं की दोन्ही घोटाळे टळतात.

इथवर झालं ते चित्र. पण चित्राला कामांचं एकमेकांवरचं अवलंबून असणं कळत नाही. वायरिंग लांबलं तर गिलावा पुढे ढकलायला हवा, हे पट्टीला आपण सांगावं लागतं आणि ते B रकान्यात सांगायचं असतं. हाताने फक्त पहिली तारीख लिहावी, बाकीच्या सूत्रांनी काढाव्यात:

```
B3  =B2+C2
B4  =B3+1
B5  =MAX(B3+C3,B4+C4)
B6  =B5+C5
B7  =B6+C6
B8  =B6+C6+3
B9  =MAX(B7+C7,B8+C8)
```

यातलं कळीचं सूत्र B5 मधलं आहे. भिंतीत पाडलेल्या खाचा बुजवून गिलावा करायचा तर पाइप आणि वायरी दोन्ही आत गेलेल्या हव्यात. म्हणून त्या दोन कामांपैकी जे उशिरा संपेल त्याच्यापासून गिलावा सुरू होतो, आणि `MAX` नेमकं तेच करतो. आता नळकामाचे दिवस चारावरून सहा करून पाहावेत. त्याची पट्टी लांबते, पण पुढचं काहीच हलत नाही, कारण वायरिंग तसंही ११ तारखेच्या रात्रीपर्यंत चालणार होतं. वायरिंगचे दिवस पाचावरून सात केले मात्र, की खालच्या सगळ्या पट्ट्या दोन दिवसांनी उजवीकडे सरकतात आणि सफाई १२ मार्चऐवजी १४ मार्चला संपते. प्लंबर दोन दिवस उशीर करू शकतो, वायरमन एकही नाही. कुणामागे तगादा लावायचा हे इथे उलगडतं. पाडव्याआधी सहा दिवस मोकळे आहेत, त्यातले दोन असे खर्ची पडतात.

कारागीर रविवारी येत नसतील तर दिवस मोजण्याची पद्धत बदलावी लागते. कामाचे दिवस D रकान्यात लिहून C मध्ये हे सूत्र घालावं:

```
=WORKDAY.INTL(B3-1,D3,11)-B3+1
```

यातला 11 म्हणजे ‘फक्त रविवार सुटी’. नळकाम शुक्रवारी ६ तारखेला सुरू होऊन कामाचे चार दिवस चालणार असेल तर मधला रविवार धरून पट्टी पाच दिवसांची होते. गिलाव्याच्या ओळीला मात्र हे सूत्र लावू नये. गिलाव्याला रविवारीही पाणी मारावं लागतं, त्याचे दिवस कॅलेंडरचेच.

सूत्रांच्या सोयीत एक धोकाही आहे. उशीर झाला की तारखा गुपचूप सरकतात आणि तक्ता पुन्हा नीटनेटका दिसू लागतो. मूळ ठरलं काय होतं, हे कुठेच उरत नाही. म्हणून काम सुरू होण्याच्या दिवशी B आणि C रकान्यांची प्रत `Paste Values` वापरून बाजूला ठेवावी. नंतर उशीर कुठून सुरू झाला आणि कुणाचे किती दिवस वाढले, हे वाद न घालता दोन रकाने शेजारी ठेवून सांगता येतं. त्याच नोंदीवरून पुढच्या कामाचे दिवस अंदाजाने न धरता अनुभवाने धरता येतात.