धाप गाडीत बसल्यावर का लागते?
लेखमाला ‘स्नायूंचा हिशेब’ : भाग ५

बदलापूर स्थानकाच्या पुलावर असताना खाली गाडी लागलेली दिसते आणि तेवढ्यात भोंगा वाजतो. धडाधड पायऱ्या उतरायच्या, फलाटावर पन्नास-साठ मीटर जीव खाऊन पळायचं आणि डबा गाठायचा, हे कुळगावकरांना काही नवीन नाही. गंमत अशी की पळताना धाप लागल्याचं फारसं जाणवत नाही. गाडी सुटते, आपण दाराच्या कडेला पाठ टेकवतो, आणि मग छाती भात्यासारखी चालू लागते. पाय थांबले, काम संपलं, तरी श्वास का वाढतो? याचं उत्तर सापडलं की फुटबॉलचा सामना आणि लांबची पायपीट या दोन्हींचं गणित आपोआप सुटतं. म्हणून आजचा भाग एवढ्याच प्रश्नाचा.

स्नायूचा तंतू आकसतो तो एटीपी मोडून. गेल्या भागातले वेगवान तंतू असोत की संथ, दोघांनाही दुसरं काही चालत नाही. पण शरीरात एका वेळी असलेला सगळा एटीपी जेमतेम शंभरेक ग्रॅम भरतो. जोरात पळताना स्नायूतला साठा दोन-तीन सेकंदांत संपावा, एवढाच. तरीही तो संपत नाही. अगदी दमछाक होईपर्यंत पळालो तरी स्नायूतला बराचसा एटीपी शाबूत असतो, कारण तो मोडतो तसाच लगोलग पुन्हा जोडला जातो. ही जोडणी करणाऱ्या व्यवस्था तीन. त्यांच्यात खरा फरक दोन बाबतींत आहे: कोण किती वेगाने एटीपी देतो आणि कोण किती वेळ देऊ शकतो.

सगळ्यात वेगवान व्यवस्था फॉस्फोक्रिएटिनची. हा रेणू आपला फॉस्फेट एका झटक्यात देऊन टाकतो आणि एटीपी तयार होतो. त्याला ऑक्सिजन लागत नाही, लांबलचक साखळी लागत नाही. दुसरी व्यवस्था ग्लायकोजेनची, म्हणजे स्नायूत साठवलेल्या साखरेची. ती ऑक्सिजनविना मोडली की लॅक्टेट बनतं. हिचा वेग पहिलीच्या साधारण निम्मा. तिसरी व्यवस्था ऑक्सिजन वापरून साखर आणि चरबी दोन्ही जाळते. साखर जाळताना तिचा वेग दुसरीच्याही निम्म्यावर येतो आणि चरबी जाळताना त्याच्याही निम्म्यावर. पण ती तासन्‌तास थकत नाही. हे प्रमाण ढोबळ आहे, तरी लक्षात ठेवण्याजोगं.

आपल्याकडे न्हाणीघराच्या दाराशी पाण्याचं पिंप असतं आणि त्यावर बारीक धारेचा नळ. बादली बुडवली की क्षणात भरते, पण पिंप लगेच खाली जातं. नळाची धार कधी तुटत नाही, फक्त तिला वेळ लागतो. फॉस्फोक्रिएटिन म्हणजे ते पिंप आणि ऑक्सिजनची व्यवस्था म्हणजे तो नळ. यात विसरू नये अशी गोष्ट एकच: पिंप रिकामं झाल्यावर ते भरतो तो नळच. गाडीत बसल्यावर लागणारी धाप हे बऱ्याच अंशी पिंप भरण्याचं काम आहे. संपलेलं फॉस्फोक्रिएटिन पुन्हा उभं करायला एटीपी लागतो आणि तो या वेळी ऑक्सिजनकडून येतो. शिवाय पळताना तयार झालेलं आम्लही श्वासाला रेटा देत असतं. अर्धं पिंप अर्ध्या-पाऊण मिनिटात भरतं, पुरतं भरायला मात्र तीन ते पाच मिनिटं जातात.

शाळेच्या पुस्तकांत आणि अनेक प्रशिक्षकांच्या तोंडी एक वेळापत्रक ऐकू येतं: पहिली दहा सेकंदं फॉस्फोक्रिएटिन, मग दोन मिनिटं लॅक्टेट, मग ऑक्सिजन. जणू कारखान्यातल्या तीन पाळ्या. मला हे वेळापत्रक साफ नापसंत आहे, कारण ते खोटं पडलेलं आहे. १९९३ मध्ये गैतानोस आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये आठ पुरुषांना व्यायामाच्या सायकलवर सहा सेकंदांचे जीवतोड झपाटे मारायला लावले. एकूण दहा झपाटे, मध्ये तीस-तीस सेकंदांची विश्रांती. मांडीच्या स्नायूचे बारीक तुकडे काढून पाहिलं. पहिल्या सहा सेकंदांतच, ऑक्सिजनविना झालेल्या एटीपीपैकी निम्मा फॉस्फोक्रिएटिनचा होता आणि तब्बल ४४ टक्के ग्लायकोजेन मोडून आलेला. म्हणजे दुसरी व्यवस्था पहिलीची पाळी संपायची वाट पाहत नाही. फलाटावरची धाव सुरू होते त्याच क्षणी तीही सुरू होते. धाव लांबली की पिंप तळाला लागतं आणि वेग पडतो. बर्लिनला २००९ मध्ये १०० मीटर ९.५८ सेकंदांत धावणारा उसेन बोल्टही शेवटच्या वीस मीटरांत आधीच्या वीस मीटरांपेक्षा किंचित मंद होता.

या फॉस्फोक्रिएटिनचा शोध लागला त्यात एक भारतीय होता, हे फारसं सांगितलं जात नाही. आंध्रातल्या भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव आणि सायरस फिस्के हार्वर्डमध्ये स्नायूतला फॉस्फेट मोजत होते. त्यांच्या पद्धतीत निळा रंग जितका गडद, तितका फॉस्फेट जास्त. स्नायूच्या अर्कात हा रंग हवा तसा पटकन चढेना, हळूहळू गडद होत राही. यातून त्यांनी ओळखलं की काहीतरी ठिसूळ संयुग परीक्षानळीतच मोडतंय आणि त्यातून फॉस्फेट सुटतोय. आधीच्या संशोधकांनी तोच मोकळा फॉस्फेट समजून मोजला होता. १९२७ मध्ये दोघांनी दाखवलं की मांजराचा स्नायू उत्तेजित केला की हे संयुग घटतं आणि विश्रांती दिली की परत वाढतं. पिंप रिकामं होणं आणि भरणं, दोन्ही त्यांनी पाहिलं.

आता सामना. महाराष्ट्रात फुटबॉलचं वेड म्हटलं की कोल्हापूर, पण उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातही टर्फवर रात्री दिव्यांत पाच-सहा जणांचे संघ खेळताना दिसतात. नव्वद मिनिटांच्या मोठ्या सामन्यात खेळाडू दहा-अकरा किलोमीटर तरी हिंडतो. त्यातलं बरंचसं चालणं आणि हलकं धावणं, पण मध्येच दोन ते चार सेकंदांचा झपाटा. गोल होतो किंवा वाचतो तो याच झपाट्यांत. त्यामुळे फुटबॉल हा ‘दमाचा’ खेळ की ‘वेगाचा’, हा वाद मुळात चुकीचा आहे. झपाटा पिंपातून मारायचा आणि मधल्या चालण्यात नळाने ते भरायचं. ज्याची धार मोठी, म्हणजे ज्याचं हृदय आणि रक्त ऑक्सिजन जास्त पोचवतं, त्याचं पिंप पुढच्या झपाट्याआधी जास्त भरतं.

गैतानोसच्या दहाव्या झपाट्यात काय झालं पाहा. तीस सेकंदांत पिंप पूर्ण भरत नव्हतं, ताकद पहिल्याच्या ७३ टक्क्यांवर आली. ग्लायकोजेन मोडून येणारा वाटा ४४ वरून १६ टक्क्यांवर घसरला आणि स्नायूत लॅक्टेट जवळजवळ वाढलंच नाही. म्हणजे दुसरी व्यवस्था बरीचशी मिटली होती. भार पडला तो जेवढं भरलं तेवढ्या पिंपावर आणि ऑक्सिजनवर. मैदानावर याचा थेट उपयोग आहे. मुलांचा वेग वाढवायचा म्हणून प्रशिक्षक चाळीस मीटरच्या दहा धावा पंधरा-वीस सेकंदांच्या अंतराने मारून घेतात. मुलं घामाघूम होतात, पालक खूश होतात, पण वेगाचा सराव तिसऱ्या धावेलाच संपलेला असतो. त्यानंतर होतो तो थकव्यात टिकून राहण्याचा सराव. तोही लागतो, फक्त त्याला वेगाचा म्हणू नये. ओळखायला घड्याळ पुरे: प्रत्येक धावेचा वेळ लिहा. आकडे सरळ चढत गेले तर विश्रांती कमी पडते आहे. वेगासाठी एका धावेनंतर दोन-तीन मिनिटं चालू द्या.

उत्तरार्धातली मरगळ मात्र वेगळी. तिथे पिंप नव्हे, साठाच आटतो. २००६ मध्ये क्रुस्ट्रुप यांच्या गटाने सामन्यानंतर खेळाडूंचे स्नायू तपासले, तेव्हा जवळपास निम्मे तंतू ग्लायकोजेनने पूर्ण किंवा जवळजवळ रिकामे निघाले. एकाच रविवारी सकाळ-संध्याकाळ दोन सामने ठेवणाऱ्या आयोजकांनी हे ध्यानात घ्यावं. ग्लायकोजेन पूर्ववत व्हायला भरपूर भात-पोळी खाऊनही निदान एक दिवस तरी लागतो. मधल्या वेळच्या दोन केळ्यांनी थोडा आधार मिळेल, भरपाई होणार नाही. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या ठणकतात त्याचा दोष लॅक्टेटला देतात, तोही चुकीचा. लॅक्टेट तासाभरात रक्तातून नाहीसं झालेलं असतं, आणि कचरा म्हणून नाही तर हृदयाचं आणि संथ तंतूंचं इंधन म्हणून. ठणका येतो तो तंतूंना पडलेल्या बारीक ताणांचा.

उरली लांबची चाल. महाशिवरात्रीला कुळगावहून अंबरनाथच्या शिवमंदिरापर्यंत पायी जाऊन परत यायचं ठरवलं, तर रुळांच्या अंतराने एका बाजूला आठेक किलोमीटर, एकूण सोळा. साठ किलोच्या माणसाला ताशी पाचच्या चालीने किलोमीटरला चाळीस-बेचाळीस किलोकॅलरी लागतात, म्हणजे सगळे मिळून साडेसहाशेच्या पुढे. निम्मी ऊर्जा चरबीची धरली तर सदतीसेक ग्रॅम चरबी आणि ऐंशीएक ग्रॅम साखर. स्नायूतल्या चार-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेनपुढे ही साखर किरकोळ. इथे ऑक्सिजनची व्यवस्था जवळजवळ एकटी सांभाळते, म्हणून चालता चालता गप्पा होतात. वाक्य पुरं करताना मध्ये श्वास घ्यावा लागला तर समजावं की चाल वाढली आहे आणि साखरेचा वाटाही वाढला आहे.

तरी घराबाहेर पडल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं जड वाटतात. ऑक्सिजनचा पुरवठा चालीला गाठायला तेवढा वेळ घेतो आणि तोवरची तूट पिंपातून आणि थोड्या ग्लायकोजेनमधून भागते. अंबरनाथपर्यंतची चालसुद्धा सुरू होते ती फलाटावरच्या धावेसारखीच, फक्त फार लहान प्रमाणात.

महाशिवरात्रीला उपास असतो, त्याने इंधनाची वाटणी बदलते. रात्रीपासून पोट रिकामं असलं की इन्सुलिन खाली असतं, चरबी जास्त सुटते आणि निघताना चाल मुख्यतः तिच्यावर होते. वाटेत साबुदाण्याची खिचडी खाल्ली की स्टार्च पचतो, इन्सुलिन चढतं आणि काही वेळ चरबी मागे पडून साखर पुढे येते. निरोगी माणसाला यातलं काहीच जाणवत नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांचं तसं नाही. औषध घेऊन, काही न खाता सोळा किलोमीटर चाललं तर रक्तातली साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. हात थरथरणं, गार घाम, अचानक चिडचिड ही तिची खूण. त्या क्षणी थांबून साखर किंवा गूळ खायचा, उपास बाजूला ठेवायचा. गोळ्या घेणाऱ्यांनी लांब चालायचं तर तयारी काय करावी, ते पुढच्या आठवड्यात.